फोटो गेला, तरी तारा सापडतो

मोबाईल पाण्यात पडतो, मेमरी कार्ड खराब होतं, आणि हौसेनं काढलेला आकाशाचा फोटो जातो. मग कुणी विचारतं, "त्यात काय होतं?" आपण म्हणतो, "दोन चांदण्या होत्या." एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. पण तीन गोष्टी नीट सांगता आल्या, तर फोटो नसतानाही बराच अंदाज बांधता येतो. वेळ, दिशा आणि उजेड, या त्या तीन गोष्टी.

आमच्या गटातल्या एका ताईंचा असाच फोटो गेला. २०२३ सालचा, होळीच्या आधीचा. त्यांना नक्की तारीख आठवत नव्हती. आम्ही एकेक गोष्ट विचारत गेलो.

आधी वेळ. ताई म्हणाल्या, "धारा काढून झाल्या होत्या, दिवस मावळून अर्धा तास झाला असेल." म्हणजे साधारण सव्वासात. घड्याळ आठवत नसेल तर असं कामावरून सांगावं. फोटो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तिथली वेळ पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे, हे लक्षात ठेवावं.

मग दिशा आणि उंची. चांदण्या दिवस मावळतो त्याच बाजूला होत्या. उंचीसाठी हात सरळ लांब करून मूठ धरायची. जमिनीच्या कडेपासून डोक्यावरपर्यंत साधारण नऊ मुठी बसतात. ताईंनी चिंचेच्या झाडाची खूण धरून मुठी मोजून दाखवल्या, त्या दोन-अडीच भरल्या.

आता उजेड. मोबाईलच्या फोटोत तेजस्वी ठिपका फुगतो, हात हलला की लांबट होतो, रंगही बदलतो. म्हणून डोळ्यांना काय दिसलं ते सांगावं, आणि तुलना करून सांगावं. ताई म्हणाल्या, "दोन्ही एवढ्या ठसठशीत, की इतर चांदण्या उमटायच्या आधीच दिसल्या. वरची फार झगझगीत, खालची तिच्याहून फिकी. दोन्ही लुकलुकत नव्हत्या." दोघींत अंतर किती? हात लांब करून करंगळी धरली तर दोन करंगळ्यांच्या रुंदीएवढं.

इथून उत्तर निघालं. स्थिर उजेड बहुधा ग्रहाचा असतो, तारे लुकलुकतात. मात्र अगदी जमिनीलगत असेल तर ग्रहही लुकलुकतो, म्हणून उंची विचारायची. संध्याकाळी पश्चिमेला सगळ्यात झगझगीत दिसतो तो शुक्र. तो सूर्यापासून पाच मुठींपलीकडे कधी जात नाही, म्हणून संध्याकाळी पूर्वेला किंवा मध्यरात्री डोक्यावर तो असूच शकत नाही. तिथं झगझगीत ठिपका दिसला, तर तो दुसरा कुणी. त्याच्या खालोखाल तेजस्वी असतो तो गुरू. त्या दिवसांत शुक्राचा उजेड गुरूच्या पाच-सहा पट होता.

आता तारीख. २०२३ च्या १ आणि २ मार्चला हे दोघं अगदी जवळ आले होते, मध्ये अर्धी करंगळी. त्याआधी गुरू वर आणि शुक्र खाली होता. त्यानंतर शुक्र वर गेला, गुरू खाली राहिला, आणि अंतर रोज साधारण एक करंगळी वाढत गेलं. ताईंच्या फोटोत झगझगीत चांदणी वर होती आणि अंतर दोन करंगळ्या होतं. म्हणजे फोटो ३ किंवा ४ मार्चचा. होळी ६ मार्चला होती. "चंद्र कुठे होता?" विचारलं, तर ताई म्हणाल्या, "पूर्वेला, जवळजवळ पुरा." होळीपौर्णिमा दोन-तीन दिवसांवर असताना चंद्र तसाच असतो, म्हणून अंदाज पक्का झाला. त्यांनी चंद्राची कोर शेजारी होती असं सांगितलं असतं, तर फोटो २२ फेब्रुवारीच्या आसपासचा धरावा लागला असता.

घरी त्या सालचं पंचांग असेल तर आणखी पडताळा मिळतो. त्या दिवसांत गुरू आणि शुक्र दोघंही मीन राशीत लिहिलेले सापडतील.

याला मर्यादाही आहे. एकच फिकी चांदणी, शेजारी काही खूण नाही, तर नाव सांगता येत नाही. ठिपका पाच-दहा मिनिटांत सरकून गेला असेल तर ते विमान किंवा उपग्रह. आणि साल विसरून चालत नाही. तारे दरवर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी त्याच जागी दिसतात, पण ग्रहांची जागा साला-सालाला बदलते.

म्हणून फोटो काढलात की वहीत पाच ओळी लिहा: तारीख आणि वेळ, दिशा आणि जवळची खूण, किती मुठी उंच, शेजारच्या चांदणीपेक्षा तेजस्वी की फिकी, आणि चंद्र कुठे होता. वही मोबाईलसारखी बंद पडत नाही.