पट्टा कुठे फेरे खातो?

पिठाच्या गिरणीच्या मोटरला 5 इंची पुली, जात्याला 15 इंची. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, म्हणजे जात्याचे 480 व्हायला हवेत. टॅकोमीटर लावला तर भरतात साधारण 466. चौदा फेरे गेले कुठे?

त्यातले काही पट्ट्याच्या लवचिकपणात जातात. पट्ट्याची ओढणारी बाजू ताणलेली, परतीची ढिली. मोटरच्या पुलीवरून जाताना ताण कमी होतो, पट्टा आखडतो आणि पुलीच्या किंचित मागे पडतो. जात्याच्या पुलीवर तो पुन्हा ताणला जातो, तिथे पुलीच मागे राहते. ही सरपट साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी, आणि ती टाळता येत नाही.

उरलेली घट घसरण्याची. घर्षण कमी पडलं की पट्टा सबंधच सरकतो. रिकामं जातं नीट फिरतं, धान्य पडताच किंचाळतं. पुली तापते, पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकाकते. अशा वेळी पट्टा ताणावा, पण बेतानं: जास्त ताणलात तर बेअरिंग जातं.