बिल कुणी बदललं?

माझ्या ओळखीच्या एका हार्डवेअर दुकानात चार माणसं एकाच संगणकावर टॅली वापरायची. पासवर्ड एकच, आणि तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. एका प्लंबरच्या उधारीच्या बिलात १८,४०० चे १४,८०० झाले, तेव्हा मालकांनी एडिट लॉग उघडला. टॅलीचा हा भाग बिलात कधी, काय बदललं आणि कोणत्या नावाने बदललं हे राखून ठेवतो. तारीख दिसली, वेळ दिसली, नाव मात्र admin. चौघेही admin! आठवडाभर चौघेही एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. चुकलेल्या आकड्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. एकट्या मालकाच्या दुकानाला ही सक्ती नाही. पण सगळे एकाच नावाने आत शिरत असतील, तर नोंद ठेवूनही उपयोग शून्य.

मालकांनी कंपनीच्या सेटिंगमध्ये user access control सुरू असल्याची खात्री केली. मग Alt+K दाबून User Roles मध्ये कामाप्रमाणे भूमिका ठरवल्या आणि Users and Passwords मध्ये प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड दिला. काउंटरवरच्या दोघांना विक्रीचं बिल करता येईल, पण झालेलं बिल बदलता किंवा पुसता येणार नाही. मागच्या तारखेची नोंदही करता येणार नाही. गोदामातल्या मुलाला फक्त साठा दिसेल, नफा-तोटा नाही. हिशेबनिसाला नोंदी दुरुस्त करता येतील, पण कुणाचे अधिकार बदलता येणार नाहीत.

पहिल्याच आठवड्यात गाडं अडलं. पाइपचे नग चुकले की दुरुस्तीसाठी मालकांची वाट बघायची, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं. वैतागून मालक स्वतःचा पासवर्ड सांगायच्या बेतात होते. बहुतेक दुकानं इथेच पुन्हा पहिल्या जागी येतात. त्याऐवजी त्यांनी काउंटरवरच्या जुन्या माणसाला बिल दुरुस्त करायचा अधिकार दिला, पुसायचा नाही. आता दुरुस्ती झाली की लॉगमध्ये त्याचं नाव दिसतं, आणि कारण त्याला विचारता येतं.

अधिकार नीट लागलेत का, हे यादी वाचून कळत नाही. मालक गोदामातल्या मुलाला शेजारी बसवून त्याच्या नावाने आत गेले आणि नफा-तोटा उघडायचा प्रयत्न केला. उघडला! भूमिका तयार केली होती, पण मुलाच्या नावापुढे दुसरीच निवडली गेली होती.

एक फट मात्र या भूमिकांनी बुजत नाही. कुणी आपल्या नावाने काम उघडं ठेवून चहाला गेलं, तर पुढच्या माणसाची नोंद त्याच्याच नावावर पडते. म्हणून या दुकानात आता खुर्ची सोडताना Windows+L दाबून पडदा बंद करायचा नियम आहे, आणि मालक स्वतःही तो पाळतात.