खोबरेल तेल: फोडणीतलं आणि चमच्यातलं

मालवणात किंवा गोव्यात खोबरेल तेलात मासे तळले तर कुणाला नवल वाटत नाही. देशावरच्या माणसाला मात्र डोक्याचं तेल कढईत कसं, असा प्रश्न पडतो. आज आम्ही तिसऱ्याच प्रकाराबद्दल बोलणार आहोत: सकाळी उपाशीपोटी कच्चं तेल पिणं.

आधी हिशेब करू. चार माणसांच्या घरात महिन्याला एक लिटर तेल लागलं, तर माणशी रोजचं साधारण ८ ग्रॅम पडतं. हे सगळं खोबरेल असलं तरी त्यातून संपृक्त चरबी ७ ग्रॅमच्या आसपास जाते. आता याच माणसाने वर दोन मोठे चमचे कच्चं तेल घेतलं, तर आणखी २८ ग्रॅम तेल, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी आणि सुमारे २४० कॅलरी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला संपृक्त चरबीची मर्यादा सगळी मिळून २२ ग्रॅमच्या आसपास सांगतात. दूध, तूप अजून मोजलेलंच नाही! तेल कच्चं आहे की तापवलेलं, याने इथे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ‘ऐवजी’ की ‘शिवाय’ याने.

“पण हे तेल थेट यकृतात जाऊन जळतं ना?” हे आम्हाला नेहमी विचारतात. ते खरं आहे आठ आणि दहा कार्बनच्या आम्लांबाबत. खोबरेलात जवळजवळ निम्मं असतं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं, आणि ते बरंचसं इतर चरबीसारखंच शोषलं जातं. वेगळं काढलेल्या एमसीटी तेलाची कीर्ती खोबरेलाला चिकटवली गेली, इतकंच.

२०२० साली अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं. सूर्यफूल, सोयाबीनसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० अंकांनी वाढलं, एचडीएल ४ अंकांनी. ‘चांगलं’ही वाढलं म्हणून खूश होऊ नका, औषधांनी एचडीएल वाढवूनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हे दिसून आलंय. दुसरी बाजूही सांगायला हवी. केरळात सुमारे २०० हृदयरुग्णांना दोन वर्षं स्वयंपाकाला खोबरेल किंवा सूर्यफूल तेल दिलं, तर कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्यांची औषधं चालू होती, आणि तेल स्वयंपाकातलं होतं, वरून प्यायलेलं नव्हे.

तेव्हा आमचं मत असं: ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल आहे, त्यांनी आमटीची फोडणी बदलायची घाई करू नये. चमच्याने पिण्याला मात्र आम्हाला आधार सापडत नाही. तरीही कुणी घेतच असेल, तर आधी लिपिड तपासणी करावी, बाकी आहार तसाच ठेवून दोन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावी. पाच-दहा अंक तर एरवीही हलतात. एलडीएल १३० वरून १६० वर गेलं, तर चमचा बंद करून आणखी दोन महिन्यांनी पाहावं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.