कुपीतला पहिला पाऊस

मृद्गंध हा शब्द आम्हा कवीमंडळींनी वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकला आहे. पण पहिल्या सरीबरोबर दरवळतो तो नुसत्या मातीचा वास नव्हे. मातीत साठलेला ऐवज पाऊस बाहेर काढतो आणि त्या ऐवजाचे दोन वाटेकरी आहेत.

पहिला वाटेकरी जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू ते तयार करतात. आपले नाक याबाबत फार तिखट. एक लाख कोटी भागांत जेमतेम पाच-दहा भाग असले तरी ते ओळखते. बीटाला मातकट वास येतो तोही याचाच.

दुसरा वाटेकरी म्हणजे तेले. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून सुटलेली तेले दगडमाती शोषून घेते. ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 साली या गंधाला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. थेंब सच्छिद्र मातीवर पडला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात. ते वर येऊन सोड्यासारखे फुटतात आणि गंधाचे तुषार हवेत उडतात. अमेरिकेत 2015 साली वेगवान कॅमेऱ्याने हे टिपले गेले. धो-धो पावसात हे फारसे घडत नाही. हलक्या शिडकाव्याला वास अधिक येतो तो यामुळे.

उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हा वास आधीपासूनच गाळत होते, हे बेअर आणि थॉमस यांनाही ठाऊक होते. कनौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे किंवा चकत्या पाण्यासह तांब्याच्या 'देग'मध्ये घालतात आणि झाकण मातीने लिंपून खाली मंद आच लावतात. वाफ बांबूच्या 'चोंग्या'तून 'भपक्या'त उतरते. या सुरईसारख्या भांड्यात चंदनाचे तेल असते आणि ते पाण्याच्या हौदात ठेवलेले असते. तिथे वाफ निवते, तेल गंध पिऊन घेते, खाली बसलेले पाणी काढून टाकतात. मग नवी माती आणि पुन्हा तेच, असे कित्येक दिवस. आच वाढली तर वाफ नीट निवत नाही, म्हणून कारागीर भपक्याला हात लावून अंदाज घेत राहतो. शेवटी उरलासुरला ओलावा चामड्याच्या 'कुप्पी'तून उडून जातो.

माती भाजताना जिवाणू मरतात, म्हणजे या अत्तरात दुसऱ्या वाटेकऱ्याचाच हात मोठा मानायला हवा.

यात मद्यार्क नसतो, म्हणून आमच्याकडे नमाजाला जाताना ते निःशंकपणे लावतात. मात्र चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पातळ पॅराफिन आले. मनगटावर थेंबभर लावून दोन-तीन तास थांबा. माती विरल्यावर मागे चंदन दरवळले, तर निदान त्या तेलाबाबत आपली फसगत झालेली नाही.