आकड्यांवरून नकाशा: ठाणे ते कल्याण

धीम्या लोकलच्या मार्गावरची ठाणे ते कल्याण ही स्थानकं घेऊ आणि प्रत्येकासमोर एकच आकडा लिहू: त्याला लागून किती स्थानकं आहेत. ठाण्याला तीन: मुलुंड, कळवा आणि ट्रान्स-हार्बरवरचं, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेलं दिघा गाव. दिव्याला मुंब्रा, कोपर आणि पनवेलच्या बाजूचं दातिवली. कोपरला दिवा, डोंबिवली आणि वसईच्या मार्गावरचं भिवंडी रोड. कल्याणला ठाकुर्ली, शहाड आणि विठ्ठलवाडी. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, ठाकुर्ली यांना दोन-दोन. कडेच्या सहा स्थानकांचा फक्त आतला शेजारी मोजला, तर एक-एक. रुळांच्या जोड्या कितीही असोत, दोन स्थानकांमधला दुवा एकदाच धरायचा. गणितात याला साधा आलेख म्हणतात.

आता नावं पुसून टाकू. उरतात चौदा आकडे: ३, ३, ३, ३, २, २, २, २, १, १, १, १, १, १. असा नकाशा मुळात असू शकतो का, हे फक्त आकड्यांवरून ठरवता येईल का?

येतं. चेक गणिती वाच्लाव हावेल यांनी १९५५ मध्ये आणि एस. एल. हाकिमी यांनी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे दिलेली ही रीत आहे. (हे हावेल म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नाटककार नव्हेत.) आकडे उतरत्या क्रमाने लावा. पहिला काढून टाका आणि तो जेवढा असेल तेवढ्या पुढच्या आकड्यांतून एकेक वजा करा. पुन्हा क्रम लावा, पुन्हा काढा. शेवटी सगळी शून्यं उरली तर नकाशा शक्य. मध्येच ऋण आकडा आला किंवा वजा करायला पुरेसे आकडेच उरले नाहीत, तर अशक्य.

आपल्या यादीतला पहिला ३ काढला की पुढचे तीन ३ कमी होऊन २ होतात. म्हणजे सात २ आणि सहा १. एक २ काढला की चार २, आठ १. आणखी एक काढला की एक २, दहा १. तोही काढला की दोन १ शून्य होतात आणि आठ १ उरतात. ते आपापसांत जोडले की संपलं. यादी खरी ठरली.

बेरीज सम आहे एवढं पाहून थांबणं मात्र धोक्याचं. ३, ३, ३, १ यांची बेरीज १० आहे, पण पहिला काढल्यावर २, २, ० उरतात आणि पुढच्याच पायरीला उणे एक येतो. कारण उघड आहे: चार स्थानकांत तिघांना उरलेल्या सगळ्यांशी दुवा हवा असेल, तर चौथ्याला तीन दुवे आपोआप मिळतात, त्याला एकावर थांबता येत नाही. उलटी चूकही होते, ती क्रम पुन्हा न लावल्याने. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा एवढाच सरळ पट्टा घेतला तर आकडे २, २, १, १. पहिला काढल्यावर १, ०, १ उरतात. तसंच पुढे गेलात तर शून्यातून एक वजा होतो आणि रोज गाड्या धावणारा मार्ग अशक्य ठरतो! १, १, ० असा क्रम लावला की सगळं जुळतं.

वजाबाकी करताना कोणाला कोणाशी जोडलं हे टिपत गेलं, की नकाशाही हाती येतो. पण कोणता? चौदा आकड्यांतून, समान आकड्यांत मी निवडलेल्या क्रमाने, हा निघाला: ठाणे, दिवा, कोपर, कल्याण हे चारही एकमेकांना थेट जोडलेले. कळवा–मुंब्रा–ठाकुर्ली–डोंबिवली आणि परत कळवा, असं एक स्वतंत्र वर्तुळ. शिवाय मुलुंड–दातिवली, दिघा गाव–शहाड, भिवंडी रोड–विठ्ठलवाडी या सुट्या जोड्या. आकडे तंतोतंत बरोबर, पण नकाशाचे पाच तुकडे. ही रीत असा एखादा नकाशा शक्य आहे का एवढंच सांगते. तो आपला आहे का, किंवा अखंड आहे का, हे सांगत नाही.

तरीही नेहमी मोठ्या आकड्यांनाच जोडत जाणं चुकत कसं नाही? समजा, एखाद्या नकाशात ठाण्याला लहान आकड्याचं स्थानक जोडलंय आणि मोठ्या आकड्याचं सुटलंय. लहान स्थानकाचा एक दुवा ठाण्याकडे खर्च झालेला आहे. मोठ्याचा तसा झालेला नाही, म्हणून लहानाला न जोडलेला असा एक तरी शेजारी मोठ्याकडे असणारच. ठाणे–लहान आणि मोठं–शेजारी हे दुवे तोडायचे, ठाणे–मोठं आणि लहान–शेजारी हे जोडायचे. कोणाचाच आकडा बदलत नाही. आकडे समान असले तरी हेच चालतं. म्हणजे कुठलाही नकाशा हावेल-हाकिमींच्या पद्धतीकडे वळवता येतो.

हीच अदलाबदल उलटही चालते, आणि मला या विषयातलं सर्वांत सुंदर हेच वाटतं. ठाणे–कोपर आणि कळवा–डोंबिवली तोडा. ठाणे–कळवा, कोपर–डोंबिवली जोडा. दिवा–कल्याण आणि मुंब्रा–ठाकुर्ली तोडा. दिवा–मुंब्रा, कल्याण–ठाकुर्ली जोडा. मग ठाणे–दिवा हा दुवा मुलुंड–दातिवलीशी, ठाणे–कल्याण हा दिघा गाव–शहाडशी आणि कोपर–कल्याण हा भिवंडी रोड–विठ्ठलवाडीशी बदला: ठाण्याला मुलुंड आणि दिघा गाव, दिव्याला दातिवली, कोपरला भिवंडी रोड, कल्याणला शहाड आणि विठ्ठलवाडी. पाच अदलाबदलींत मध्य रेल्वेचा खरा नकाशा तयार होतो.