विश्लेषण : पैसे नाहीत, वस्तू देतो... ब्रँडच्या ‘बार्टर’ प्रस्तावाला काय उत्तर द्यावे?

‘तुमचे पेज आम्हाला फार आवडले. आमचे प्रॉडक्ट मोफत पाठवतो, त्या बदल्यात एक रील कराल का?’ इन्स्टाग्रामवर पाच-दहा हजार फॉलोअर्स झाले की असे मेसेज येऊ लागतात. मार्केटिंगच्या भाषेत याला ‘बार्टर कोलॅब’ म्हणतात. पहिल्यांदा विचारणा झाल्याच्या आनंदात अनेक जण लगेच होकार कळवतात, तर काही जण चिडून उत्तरच देत नाहीत. मात्र या मेसेजला तिसऱ्या प्रकारे उत्तर देता येते आणि बऱ्याचदा तेच फायद्याचे ठरते.

प्रस्तावात नेमके काय मागितले जाते?

समजा, नाशिकमधील एका गृहिणीच्या पाककृतींच्या पेजला सात हजार फॉलोअर्स आहेत. एका मसाला ब्रँडने तिला १,४९९ रुपये छापील किमतीचा संच देऊ केला. बदल्यात एक रील, दोन स्टोरी, पोस्ट करण्यापूर्वी ब्रँडची मंजुरी आणि ‘कंटेंट वापरण्याचे हक्क’ मागितले. यातील शेवटचे दोन शब्द सर्वांत महागडे आहेत. हक्क कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे लिहिलेले नसेल तर तिचा चेहरा आणि आवाज असलेला व्हिडीओ ब्रँड पुढे आपल्या जाहिरातीत वापरू शकतो, असा अर्थ काढला जाण्याची शक्यता असते. म्हणजे एका संचाच्या बदल्यात रीलच नव्हे, तर तयार जाहिरातही मिळते. म्हणून काय करायचे, कधीपर्यंत, किती वेळा दुरुस्त्या आणि व्हिडीओ कुठे वापरणार, या चार गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय होकार देऊ नये.

हिशेब कसा मांडावा?

पाककृती ठरवणे आणि चित्रीकरण यात तीन तास, एडिटिंगला दोन तास, स्टोरी आणि दुरुस्त्यांना एक तास, असे सहा तास धरू. तासाचे ३०० रुपये धरले तर १,८०० रुपये होतात. भाजी, तेल, पनीर असे सामान ४०० रुपयांचे. म्हणजे या कामाचा खर्चच २,२०० रुपये झाला. दुसरीकडे, १,४९९ रुपयांचा तो संच ऑनलाइन १,०५० रुपयांना मिळत असेल, तर त्याची खरी किंमत १,०५० रुपयेच. त्यातही घरात निम्मेच मसाले वापरले जाणार असतील, तर तिच्या दृष्टीने ती आणखी कमी. छापील किंमत पाहून सौदा बरोबरीचा वाटतो. हिशेब मांडल्यावर तो तिच्या खिशातून होतो.

हाच हिशेब उलटही निघू शकतो. मिक्सर विकत घ्यायचाच होता आणि ब्रँड तोच देऊन फक्त एक स्टोरी मागत असेल, तर बार्टर नाकारण्याचे कारण नाही. ‘ही वस्तू मी स्वतःच्या पैशाने घेतली असती का?’ हा त्यासाठीचा सोपा निकष.

उत्तर कसे लिहावे?

उत्तरात दोन पर्याय द्यावेत : पूर्ण कामाचा मोबदला आणि वस्तूच्या बदल्यात होऊ शकेल इतकेच छोटे काम. वरच्या उदाहरणातील उत्तर असे असू शकते :

‘नमस्कार. संच पाठवण्याच्या प्रस्तावाबद्दल आभार. एक रील आणि दोन स्टोरींसाठी माझा मोबदला ३,००० रुपये असून त्यात एक दुरुस्ती समाविष्ट आहे. रील जाहिरातीसाठी वापरायची असल्यास ३० दिवसांचे १,५०० रुपये वेगळे. सध्या मोबदल्याची तरतूद नसेल, तर संचाच्या बदल्यात मी एक स्टोरी करू शकते. त्यात माझे प्रामाणिक मत असेल, आधी मंजुरी नसेल आणि तिचा जाहिरातीत वापर करता येणार नाही. दोन्ही पर्यायांत व्यावसायिक संबंध असल्याचे लेबल लावले जाईल. कोणता पर्याय जमेल ते शुक्रवारपर्यंत कळवावे.’

यातील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने ते आपल्या खर्चावरून काढावेत. या उत्तरात नाराजी नाही, ‘मी लहान क्रिएटर आहे’ अशी दिलगिरीही नाही. ब्रँडकडे बोलणाऱ्या व्यक्तीलाही वरिष्ठांकडे थेट पाठवता येतील असे दोन आकडे आणि एक तारीख मिळते. फोनवर काही ठरले तरी तेच मुद्दे ई-मेलवर लिहून घ्यावेत.

‘बजेट नाही’ असे उत्तर आल्यास?

‘आमच्या पेजवर तुम्हाला टॅग करू, फॉलोअर्स वाढतील,’ असे सांगितले जाते. ब्रँडच्या पेजवर जाऊन त्यांनी आधी शेअर केलेल्या इतर क्रिएटर्सच्या रील्सना किती व्ह्यूज आहेत, ते पाहावे. ते आपल्या नेहमीच्या रीलपेक्षा कमी असतील, तर टॅगचा फारसा उपयोग नाही. ‘कूपन कोडवर दहा टक्के कमिशन’ असा प्रस्ताव आल्यास तोही मोजावा. १,०५० रुपयांच्या विक्रीवर १०५ रुपये मिळतील. २,२०० रुपयांचा खर्च निघण्यासाठी २१ जणांनी संच घ्यायला हवा. आणि ‘पुढच्या वेळी पैसे देऊ’ असे म्हटले, तर रीलही पुढच्या वेळीच करावी. या वेळी स्टोरीचा पर्याय कायम ठेवावा. ‘आधी वस्तू विकत घ्या, पैसे नंतर परत करू’ किंवा ‘कुरिअरचे पैसे भरा’ अशी अट असेल, तर मात्र तिथेच थांबावे. फसवणुकीचा हा नेहमीचा मार्ग आहे.

फुकट वस्तूला नियम आणि कर लागू होतात का?

होय. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार पैसेच नव्हे, तर मोफत मिळालेली वस्तू, सवलत किंवा भेट हाही ब्रँडशी असलेला संबंध ठरतो आणि तो प्रेक्षकांना स्पष्ट सांगावा लागतो. हे हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. व्हिडीओतच आणि पोस्टच्याच भाषेत सांगावे लागते. त्यामुळे ‘जाहिरात असल्याचे लिहू नका’ असे ब्रँडने सुचवल्यास नकार देणेच योग्य. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कराचा प्रश्न महागड्या वस्तूंबाबत येतो. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, व्यवसायाच्या ओघात एकाच ब्रँडकडून आर्थिक वर्षात २० हजार रुपयांहून अधिक मूल्याचे लाभ मिळाले, तर त्यावर दहा टक्के टीडीएसचा नियम लागू होऊ शकतो. समजा, ४० हजारांचा फोन मिळाला, तर चार हजारांचा कर आधी कोणी भरायचा, हे फोन स्वीकारण्यापूर्वीच ब्रँडला विचारावे. रील करून फोन परत केला, तर तो लाभ धरला जात नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले आहे. म्हणून महागडी वस्तू देऊ केल्यास उत्तरात एक प्रश्न वाढवावा : ‘वस्तू माझ्याकडे राहणार की परत करायची?’