मनाच्या नोंदी : लेखांक ९ – पाचवे लक्षण

संतपूर, औराद, भालकी या भागातून मानसशास्त्राचे पदवीचे शिक्षण घेणारी मुले-मुली बहुधा डीएसएमवरच तयार होतात. पाठ्यपुस्तके त्याच्या आधाराने लिहिलेली असतात आणि परीक्षेतही तेच विचारतात. पुढे बीदरच्या किंवा कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयात प्रशिक्षणाला गेल्यावर केसपेपरवर मात्र आयसीडीचे क्रमांक दिसतात. त्यालाही कारण आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार ठरवताना मान्यताप्राप्त वैद्यकीय निकष वापरा असे सांगितले आहे, आणि त्यात आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा नावानिशी उल्लेख केला आहे. आयसीडी जागतिक आरोग्य संघटनेची आहे. त्यात हिवतापापासून हाडमोडीपर्यंत सगळे येते आणि मनोविकार हे त्यातले फक्त एक प्रकरण. डीएसएम अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे असून ते निव्वळ मनोविकारांसाठी आहे.

बहुतेक विकारांच्या बाबतीत ही दोन पुस्तके आता एकमेकांच्या बरीच जवळ आली आहेत. मात्र व्यक्तिमत्त्व विकारांवर त्यांच्या वाटा इतक्या फुटल्या आहेत की वर्गीय विचार म्हणजे काय आणि मितीय विचार म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. म्हणून आज फक्त तेवढेच पाहू.

शिकण्यासाठी एक उदाहरण रचतो. औराद तालुक्यातला चोवीस वर्षांचा तरुण बीदरला औषधाच्या दुकानात कामाला आहे. कामात हुशार. पण मालक एक शब्द बोलला की भडकतो आणि काम सोडून देतो. दोन वर्षांत चौथे दुकान झाले. जिवलग मित्राने फोन उचलला नाही तर वीस-वीस वेळा लावतो आणि रात्री त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हाच मित्र आज देवमाणूस असतो आणि उद्या दगाबाज ठरतो. सकाळी आनंदात असलेला हा मुलगा दुपारी कोसळतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा सावरलेला असतो. आई आणि मोठ्या भावाशी त्याचे बरे चालते. त्याने स्वतःला कधी इजा केलेली नाही. विशीच्या आधीपासून त्याचे असेच चालू आहे.

आता डीएसएम-५ उघडा. सीमावर्ती, म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी तिथे नऊ निकष दिले आहेत आणि त्यांपैकी किमान पाच हवेत. आपल्या तरुणाकडे कोणी सोडून जाईल या भीतीने केलेली धडपड आहे, डोक्यावर घेणे आणि पायदळी तुडवणे अशी टोकाची नाती आहेत, तासातासाला बदलणारी मनःस्थिती आहे आणि न आवरणारा राग आहे. चार झाले. पाचवा नाही, म्हणून हे निदान नाही. फार तर ‘इतर विनिर्दिष्ट व्यक्तिमत्त्व विकार’ असे लिहून फाइल बंद होईल. महिन्याभराने तोच तरुण सांगतो की आत सतत पोकळ वाटते. हाही नवातला एक निकष आहे. पाच भरले आणि निदान झाले! या महिन्यात त्याचे काम, नाती, झोप यांत काहीही फरक पडलेला नाही. फक्त तो एक वाक्य जास्त बोलला आहे.

मोजणीची दुसरी अडचण याहून खोल आहे. नवातले कोणतेही पाच किंवा जास्त चालतात, म्हणून हे एकच निदान २५६ वेगवेगळ्या जुळण्यांनी होऊ शकते. एकाच नावाखालच्या दोन रुग्णांत एकच लक्षण समान असू शकते. ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह व्यक्तिमत्त्व विकारात आठांपैकी चार पुरतात. तिथे तर दोन रुग्णांत एकही लक्षण समान नसले तरी दोघांचे निदान एकच.

मग अशी मोजणी आणलीच कशाला? कारण १९८० मध्ये डीएसएमची तिसरी आवृत्ती येण्यापूर्वी एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन नावे देत असत. निकष मोजायचे ठरल्यावर निदान करणाऱ्यांचे मत जुळू लागले. ही कमाई मोठी होती आणि ती हलकी लेखू नये. पण मत जुळते आहे म्हणजे निसर्गात तसा गट खरोखरच आहे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

आयसीडी-११ ला जागतिक आरोग्य सभेने २०१९ मध्ये मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. पीटर टायरर यांच्या गटाने तिच्यासाठी व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने प्रकार जवळजवळ सगळे काढून टाकले. आता पहिला प्रश्न ‘कोणता’ असा नसून ‘आहे का, आणि किती’ असा आहे. स्वतःची किंमत, ओळख आणि दिशा माणसाला सांभाळता येते का? दुसऱ्याची बाजू समजते का, भांडण निभावता येते का? ही अडचण दोन वर्षे किंवा अधिक टिकली आहे का, आणि ती एकाच ठिकाणी आहे की सगळीकडे? यावरून सौम्य, मध्यम किंवा तीव्र ठरवायचे. त्यानंतर स्वभावाचा रोख नोंदवायचा. त्यासाठी नकारात्मक भावनिकता, अलिप्तता, समाजविन्मुखता, अनावरता आणि काटेकोरपणा अशी पाच क्षेत्रे आहेत.

आपल्या तरुणाचे काम आणि मैत्री विस्कटली आहे, पण घरची नाती टिकून आहेत, काम येते आणि इजा नाही. म्हणून सौम्य, 6D10.0. रोख नकारात्मक भावनिकतेचा, 6D11.0. पोकळपणाचे ते वाक्य त्याने बोलायच्या आधीही निदान हेच होते आणि बोलल्यानंतरही हेच राहते. दारात रात्री उभे राहणे हे अनावरतेत घ्यायचे का, यावर मात्र दोन तज्ज्ञ भांडतील. माझ्या मते घेऊ नये. तो विचार न करता इतर गोष्टीत उडी मारत नाही, फक्त तुटण्याच्या भीतीने धावतो.

डीएसएमनेही हा रस्ता पाहिला नव्हता असे नाही. त्यांच्या समितीने असाच आराखडा केला होता, पण डिसेंबर २०१२ मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी जुने दहा प्रकार कायम ठेवले आणि नवा आराखडा पुस्तकाच्या तिसऱ्या भागात पर्याय म्हणून टाकला. त्यातही पाच क्षेत्रे आहेत आणि चार दोन्हीकडे साधारण जुळतात. आयसीडीचा काटेकोरपणा तिथे नाही, त्याऐवजी विचित्र अनुभव-विचारांचे क्षेत्र आहे. आयसीडीला त्याची गरज पडत नाही, कारण स्किझोटायपल विकार तिने स्किझोफ्रेनियाच्या गटातच ठेवला आहे. परीक्षेत इथे मुले हमखास चुकतात.

मितीय पद्धतीने रेघ नाहीशी होते, असे कोणी सांगितले तर मानू नका. रक्तदाब हा अखंड आकडा आहे, तरी गोळी कुठून सुरू करायची हे ठरवावेच लागते. इथेही विकाराच्या खाली ‘व्यक्तिमत्त्वातील अडचण’, QE50.7, अशी नोंद आहे. ती विकार नाही. ती आणि सौम्य विकार यांच्यामधली रेघ मोजून नव्हे, तर समजून काढायची असते. नवख्याचा हात इथेच कापतो. कर्नाटकात तालुका रुग्णालयात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मंगळवारी मानसिक आरोग्याची ओपीडी असते. बाहेर रांग लागलेली असताना आई, भाऊ, मालक अशा सगळ्यांच्या नजरेतून माणूस समजून घ्यायला वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे.

दुसरा आक्षेप उपचारांचा. बॉर्डरलाइनवरचे बरेचसे मानसोपचार त्या नावाखाली जमवलेल्या रुग्णांवर तपासले गेले आहेत. नाव पुसले तर तो पुरावा कुणाला लावायचा? या दबावामुळे आयसीडी-११ ने ‘बॉर्डरलाइन आकृतिबंध’, 6D11.5, हा जोडशेरा ठेवला. त्यात डीएसएमच्या निकषांशी मिळती नऊ लक्षणे आहेत, म्हणजे एक वर्ग मागच्या दाराने परत आला. मला ही तडजोड योग्य वाटते, पण आधी तीव्रता लिहा आणि मग हा शेरा. उलट क्रमाने लिहिले की वाचणारा तीव्रतेपर्यंत पोचतच नाही, आणि हा मुलगा पुढे नोकरी टिकवेल का, उपचार अर्धवट सोडेल का, याचा अंदाज बहुतांशी तीव्रतेवरूनच बांधता येतो.

या आठवड्यात तुमच्या प्रशिक्षणातली एक जुनी केस घ्या. आधी डीएसएमचे नऊ निकष मोजून काय येते ते लिहा. मग आकडा झाकून आयसीडीचे स्वतःविषयीचे आणि नात्यांविषयीचे प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तराला केसपेपरमधली एक घटना जोडा. ज्या उत्तराला घटना सापडणार नाही, ते माहिती घेताना विचारायचे राहून गेले आहे. पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात करा.